तारीख पुढे ढकलून मग बुकिंग रद्द केले, तर परतावा कोणत्या तारखेपासून मोजायचा?

छायाप्रकाश

नमस्कार. मी एकटीने छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवते आणि एका दिवशी एकच काम घेते, त्यामुळे एखादा दिवस रिकामा गेला तर त्या दिवसाची सगळीच कमाई जाते. बुकिंगच्या वेळी मी एकूण शुल्काच्या ३० टक्के आगाऊ घेते. रद्द करण्याचे माझे नियम पुढीलप्रमाणे आहेत. चौदा दिवस किंवा त्याहून आधी कळवले तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, चौदा दिवसांच्या आत पण सात दिवसांपर्यंत कळवले तर निम्मी परत, सात दिवसांच्या आत पण ७२ तासांपर्यंत कळवले तर पाव परत, आणि त्यानंतर काहीही परत नाही. तारीख मात्र एकदा कितीही उशिरा विनामूल्य बदलून मिळते. ही सवलत मी चांगुलपणाने ठेवली होती आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

एका ग्राहकाचे काम २० तारखेला सकाळी १० वाजता होते. एकूण शुल्क १२,००० आणि आगाऊ ३,६००. त्यांनी १६ तारखेला संध्याकाळी ६ वाजता, म्हणजे ८८ तास आधी, स्वतःच बुकिंगच्या पानावर जाऊन तारीख पुढच्या महिन्याच्या १२ तारखेवर नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते नवे बुकिंगही रद्द केले. माझ्या पडद्यावर जी खिडकी उघडली तिच्यात Refund: 3600.00 असे लिहिलेले होते आणि खाली मंजुरीचे बटण होते. प्रणालीच्या दृष्टीने नवी तारीख तीन आठवड्यांहून अधिक लांब असल्यामुळे पूर्ण परतावा देय होता. त्यांनी तारीख न बदलता १६ तारखेलाच थेट रद्द केले असते, तर माझ्याच नियमाप्रमाणे त्यांना फक्त ९०० मिळाले असते.

त्यांनी हे जाणूनबुजून केले असे मला म्हणायचे नाही. कदाचित त्यांची खरोखरच अडचण झाली असेल. पण हा मार्ग एकदा उघडा आहे म्हटल्यावर नियमातल्या सगळ्या पायऱ्या निरर्थक ठरतात. मी ते बटण अजून दाबलेले नाही. माझा प्रश्न असा की अशा वेळी मोजणी जुन्या तारखेपासून करावी की नव्या, आणि तसा नियम ग्राहकावर अन्याय न करता कसा लिहावा?

सरळमार्गी

माझे मत स्पष्ट आहे. आगाऊ रक्कम ही दिवस राखून ठेवण्याची किंमत असते. तुम्ही तो दिवस राखलात, इतरांना नकार दिलात, तिथेच ती किंमत वसूल झाली. मग परतावा देण्याचा प्रश्नच कुठे येतो? "आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असे एकच वाक्य लिहा, म्हणजे पायऱ्या नकोत, तासांचा हिशेब नको आणि तारीख ढकलण्याची पळवाटही नको. ग्राहकाने ते वाक्य मान्य केले की विषय संपला. मी माझ्या शिकवण्यांसाठी हेच करतो आणि आजवर कोणी वाद घातलेला नाही.

संगणक_कारकून

मी काही वर्षे बुकिंगच्या प्रणाली बांधण्याचे काम केले आहे, त्यामुळे छायाप्रकाश ताईंच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो आणि सरळमार्गींच्या मुद्द्याकडे नंतर येतो.

ही चूक फार सर्रास आढळते, कारण बहुतेक प्रणालींमध्ये तारीख बदलणे म्हणजे नोंदीतल्या सुरुवातीच्या वेळेवर नवी वेळ लिहिणे एवढेच असते. जुनी वेळ पुसली गेली की परतावा मोजणाऱ्या भागाला ती कधी होती हेच कळत नाही. तो समोर दिसणाऱ्या तारखेपर्यंत किती वेळ उरला आहे एवढेच पाहतो आणि निष्पापपणे पूर्ण परतावा दाखवतो.

यावर लोक दोन टोकांचे उपाय करतात आणि मला दोन्ही चुकीचे वाटतात. काहीजण तारीख बदलतानाच पैसे कापतात. त्यात प्रामाणिकपणे नव्या तारखेला येणाऱ्या माणसालाही भुर्दंड पडतो, वास्तविक त्याचे काम आणि तुमची कमाई दोन्ही शाबूत असतात. काहीजण मोजणी कायमची मूळ तारखेलाच बांधून ठेवतात. मग मूळ तारीख उलटून गेल्यावर परतावा शून्य होतो, आणि ज्या माणसाने दोन महिने आधी, कोणाचेही नुकसान न करता तारीख बदलली होती, त्यालाही पुढे काही मिळत नाही.

मधला मार्ग असा आहे की प्रत्येक बुकिंगबरोबर "कमाल परतावा" नावाचा एक आकडा ठेवायचा. सुरुवातीला तो पूर्ण आगाऊ रकमेइतका असतो. तारीख बदलली जाते त्या क्षणी, जुनी तारीख त्याच वेळी रद्द केली असती तर किती मिळाले असते ते काढायचे आणि कमाल परतावा तेवढ्यावर आणायचा. पैसे कापायचे नाहीत, ते सगळे नव्या कामाच्या शुल्कात वळते राहतात. पुढे नवी तारीख रद्द झालीच, तर नव्या तारखेच्या हिशेबाने येणारी रक्कम आणि हा कमाल आकडा यांतली जी लहान असेल ती द्यायची.

```
# तारीख बदलताना
ceiling = min(ceiling, deposit * rate(old_start - moved_at))
# रद्द करताना
refund = min(ceiling, deposit * rate(start - cancelled_at))
```

तुमच्या प्रकरणात १६ तारखेला ८८ तास उरले होते, म्हणजे पावाची पायरी, म्हणून कमाल परतावा ३,६०० वरून ९०० वर येतो. दुसऱ्या दिवशी नव्या तारखेच्या हिशेबाने पूर्ण ३,६०० येतात, पण लहान आकडा ९०० आहे, म्हणून ९०० द्यायचे. तोच ग्राहक १२ तारखेला कामाला आला असता, तर त्याचे सगळे ३,६०० शुल्कात वळते झाले असते आणि त्याला काहीच तोशीस पडली नसती. कोणी तीन आठवडे आधी तारीख बदलली, तर कमाल परतावा पूर्णच राहतो. हा आकडा फक्त खाली येतो, वर कधीच जात नाही, त्यामुळे कितीही वेळा तारीख बदलली तरी पळवाट उघडत नाही.

यासाठी जुन्या वेळा पुसून चालणार नाही. प्रत्येक बदलाची नोंद वेगळी ठेवावी लागते, त्यात आधीची वेळ, नंतरची वेळ आणि बदल केल्याचा क्षण असावा.

वाटसरू_२

मी हाच प्रश्न विचारणार होतो. मीही गेल्या आठवड्यात एक बुकिंग रद्द केले आणि परतावा मंजूर झाल्याचा संदेश आला, पण पैसे अजून जमा झालेले नाहीत. तारीख कोणत्या दिवसापासून मोजायची?

संगणक_कारकून

वाटसरू, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे परताव्याची रक्कम ठरवण्याच्या तारखेविषयी चर्चा चालू आहे, तुम्ही तो खात्यात पोहोचण्याविषयी विचारता आहात. कार्डावर परत येणाऱ्या पैशांना साधारण पाच ते दहा कामाचे दिवस लागू शकतात. तोवर मंजुरीचा संदेश आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. पण व्यावसायिकांसाठी यातली एक बाब महत्त्वाची आहे. परतावा दिला तरी मूळ व्यवहारावर कापलेले शुल्क अनेक पेमेंट गेटवे परत करत नाहीत. म्हणजे "पूर्ण परतावा" देणाऱ्याच्या खिशातून दर वेळी थोडे जातेच. ते ग्राहकाकडून घ्यायचे असेल तर नियमात आधीच वेगळे लिहावे. गुपचूप कापून घेऊन वर "पूर्ण परतावा" म्हणू नये.

निळी_छत्री

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, कारण मी अशाच एका नियमाखाली पैसे गमावलेली ग्राहक आहे. माझे एका ठिकाणी दिवसभराचे बुकिंग होते आणि आगाऊ रक्कम भरलेली होती. पाच दिवस आधी घरातल्या माणसाला रुग्णालयात दाखल करावे लागले. मी त्याच रात्री कळवले. उत्तर आले की नियमाप्रमाणे काहीही परत मिळणार नाही. मी तेही मान्य केले, कारण नियम मी वाचला होता आणि त्यांचाही दिवस वाया जाणार होता.

पुढे काही दिवसांनी मला कळले की त्याच दिवशी, त्याच वेळेला त्यांनी दुसरे काम घेतले होते आणि त्याचे पूर्ण शुल्कही घेतले होते. मला राग आला तो पैशांपेक्षा त्या गोष्टीचा. दिवस रिकामा जाईल म्हणून माझे पैसे ठेवले, असे त्यांनी मला सांगितले होते. दिवस रिकामा गेलाच नाही, मग माझे पैसे कशाचे?

छायाप्रकाश, तुमची २० तारीख भरली का? हे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. सरळमार्गींना मी एवढेच विचारते की त्यांच्या एका वाक्याच्या नियमात तीन महिने आधी कळवणारा आणि आदल्या रात्री कळवणारा यांच्यात काही फरक उरतो का? दोघांचेही सारखेच पैसे जाणार असतील, तर लवकर कळवण्याची तसदी कोणी का घ्यावी?

छायाप्रकाश

तुम्ही विचारलेत ते योग्यच आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. २० तारीख अर्धी भरली. १८ तारखेला एका जुन्या ग्राहकांचा फोन आला, त्यांना तीन तासांचे छोटे काम करून हवे होते आणि मी ते ५,००० ला घेतले. म्हणजे १२,००० च्या जागी ५,००० आले, ७,००० चा खड्डा राहिला. माझ्या नियमाप्रमाणे मी आगाऊ रकमेतले २,७०० ठेवणार, तरीही खड्डा भरत नाहीच. त्या दिवसासाठी घेणार होते तो मदतनीस मी घेतला नाही, तेवढा खर्च वाचला, हेही प्रामाणिकपणे धरायला हवे. तो वजा केला तरी नुकसान २,७०० पेक्षा मोठेच आहे.

पण दिवस पूर्ण भरला असता तर? खरे सांगायचे तर मी आजवर असा विचार केलेला नव्हता. नियमात लिहिले आहे म्हणून ठेवले असते. आता वाटते की तसे ठेवणे बरोबर झाले नसते.

संगणक_कारकून यांचा कमाल परताव्याचा विचार मला पटला, विशेषतः तारीख बदलताना काहीच कापले जात नाही हा भाग.

रेखाटन

मी गोंदणाचे काम करते. सरळमार्गींच्या वाटेने मी दोन वर्षे गेले आहे, म्हणून त्याविषयी लिहिते. "परत मिळणार नाही" एवढेच लिहून विषय संपत नाही. एका ग्राहकाने दीड महिना आधी रद्द केले, मी आगाऊ रक्कम ठेवून घेतली, आणि त्याने त्याच्या बँकेकडे तक्रार करून तो व्यवहारच उलटवायला लावला. मला पुरावा मागितला गेला. नियम माझ्या संकेतस्थळावर कुठेतरी खाली लिहिलेला होता, पण पैसे भरताना तो त्याच्या डोळ्यांसमोर आला होता आणि त्याने मान्य केला होता, हे मला दाखवता आले नाही. पैसे गेले, वर तक्रारीचे शुल्क वेगळे. आता माझ्या पानावर पैसे भरण्याच्या बटणाच्या अगदी वर त्या बुकिंगच्या खऱ्या तारखा घालून नियम दिसतो: "अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत रद्द केल्यास एवढी रक्कम परत." नुसते "चौदा दिवस आधी" असे नाही, प्रत्यक्ष तारीख, वेळ आणि रक्कम. मान्य केल्याची खूण व तिची वेळ नोंदली जाते आणि तोच मजकूर पावतीवरही येतो. तेव्हापासून वाद जवळजवळ थांबले आहेत, कारण रद्द करायच्या वेळी कोणालाच गणित करावे लागत नाही.

आणखी एक चूक मी केली होती ती सांगते. माझ्या नियमात "एका आठवड्याच्या आत रद्द केल्यास ५० टक्के आकारले जातील" असे होते. माझ्या मनात आगाऊ रकमेचे ५० टक्के होते. एका ग्राहकाला वाटले की एकूण शुल्काचे ५० टक्के, आणि तो घाबरून मला विचारू लागला की आता आणखी किती भरायचे आहेत. नियम लिहिताना टक्के कशाचे हे जोडलेच पाहिजे.

सरळमार्गी

रेखाटन, तुमच्या अनुभवातला पुराव्याचा मुद्दा मान्य. निळी_छत्रींचा लवकर कळवण्याचा मुद्दाही मी मान्य करतो; माझ्या शिकवण्यांत आगाऊ रक्कम फारच लहान असते म्हणून तो कधी टोचला नसावा. पण टक्क्यांच्या बाबतीत तुम्ही उगाच गुंता करता आहात असे वाटते. ५० टक्के आकारले काय आणि ५० टक्के परत दिले काय, नाण्याच्या दोन बाजूच आहेत.

संगणक_कारकून

ग्राहकाने सगळे शुल्क आधीच भरलेले असेल तरच त्या दोन बाजू सारख्या होतात. छायाप्रकाश ताईंचेच आकडे घेऊ. एकूण १२,०००, भरलेले ३,६००. "आगाऊ रकमेच्या ५० टक्के परत" असे म्हटले तर ग्राहकाला १,८०० मिळतात. "एकूण शुल्काच्या ५० टक्के आकारणी" असे म्हटले तर आकारणी ६,००० होते, ग्राहकाला काहीच मिळत नाही आणि उलट त्याच्याकडे २,४०० निघतात. एकाच बुकिंगवर दोन वाचनांमध्ये ४,२०० चा फरक पडतो. प्रणालीत हा आकडा भरण्याच्या रकान्यापुढे बहुधा फक्त टक्क्याचे चिन्ह असते, त्यामुळे भरणारा एक समजून भरतो आणि हिशेब दुसऱ्याच रकमेवर होतो. रकाना भरल्यावर एक खोटे बुकिंग करून ते लगेच रद्द करून पाहावे, म्हणजे कोणता पाया धरला आहे ते पाच मिनिटांत कळते.

परतावा नेहमी भरलेल्या रकमेच्या भाषेत लिहावा असे माझे मत आहे. माणसाने हातातले किती सोडायचे हे त्याला समजते. न भरलेल्या पैशांची मागणी रद्द केल्यानंतर वसूल करणे व्यवहारात फार अवघड जाते.

स्वागतकक्ष

मी एका उपचार केंद्रात भेटीच्या वेळा देण्याचे काम करतो. आमच्याकडे प्रतीक्षा यादी लांब असते, आदल्या दिवशी सुटलेली वेळही तासाभरात भरते, म्हणून आमची मुदत फक्त २४ तासांची आहे. छायाप्रकाश, तुमच्या चौदा आणि सात दिवसांच्या पायऱ्या तुम्ही कशावरून ठरवल्या ते मला विचारावेसे वाटते. या पायऱ्या दुसऱ्याच्या नियमावरून उचलायच्या नसतात. तुमच्या वहीत पाहा, लोक साधारण किती दिवस आधी बुकिंग करतात. बहुतेक लोक तीन-चार आठवडे आधी करत असतील, तर दहा दिवस आधी सुटलेला दिवस भरण्याची आशा कमी, आणि चौदाची पायरी योग्य. पण बरेच लोक आठवडाभर आधी येत असतील, तर दहा दिवसांवर निम्मे पैसे ठेवण्याला आधार उरत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद सीमेवर होतात. एकदा एका बाईंनी मुदत संपण्याच्या दहा मिनिटे आधी संदेश पाठवला होता. आमच्या सहकाऱ्याने तो जेवणाच्या सुट्टीनंतर वाचला आणि रद्द केल्याची नोंद त्या वेळी केली. प्रणालीने मुदत टळल्याचे दाखवले आणि पैसे कापले गेले. बाई माझ्या खिडकीसमोर उभ्या राहून मोबाईलचा पडदा काचेला लावून ती पाठवल्याची वेळ दाखवत होत्या, आणि त्यांचेच बरोबर होते. तेव्हापासून आम्ही संदेश मिळाल्याची वेळ हातानेच वेगळ्या रकान्यात भरतो आणि हिशेब त्यावर करतो. आम्ही किती वाजता वाचले याच्याशी ग्राहकाचा काय संबंध?

उशिरा केलेल्या बुकिंगचाही विचार करा. कोणी दोन दिवस आधी बुकिंग केले, तर तुमच्या नियमाप्रमाणे पैसे भरल्याच्या क्षणीच परतावा शून्य झालेला असतो. चुकीची वेळ दाबली गेली तरी सुटका नाही. आम्ही अशा बुकिंगला पहिला एक तास पूर्ण परताव्याचा ठेवतो.

संगणक_कारकून

स्वागतकक्ष यांनी सांगितलेला तासाभराचा अवधी जवळच्या तारखेवर बदल करणाऱ्यालाही द्यावा. वीस दिवस लांबची तारीख कोणी चुकून चार दिवसांवर आणली, तर त्याचा परतावा एका क्षणात पावावर येतो.

सीमेविषयी दोन गोष्टी जोडतो. पहिली अशी की "तीन दिवस आधी" आणि "७२ तास आधी" हे एक नव्हे. तीन दिवस म्हटले की १७ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत चालेल असे कोणी समजेल आणि कोणी १७ तारखेच्या सकाळी १० वाजेपर्यंत. जिथे घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे करतात तिथे तर एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो, त्यामुळे तास मोजले तर मुदत तासाभराने सरकते. म्हणून तास वा दिवस काहीही निवडा, पण रेखाटन यांच्याप्रमाणे शेवटी प्रत्यक्ष तारीख आणि वेळ छापा, आणि ती सेवा जिथे मिळणार त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे. दूरच्या शहरातून बुकिंग करणाऱ्याच्या पडद्यावर त्याच्या घड्याळाची वेळ दिसली की हमखास गोंधळ होतो. नेमक्या ७२ व्या तासाला रद्द केले तर कोणती पायरी, हेही ठरलेले हवे. तुम्ही "७२ तासांपर्यंत" लिहिले आहे, म्हणजे तो क्षण ग्राहकाच्या बाजूने धरायला हवा आणि प्रणालीतही तसेच आहे का ते तपासायला हवे.

दुसरी गोष्ट, ताई, तुम्ही आता नियम बदलणार आहात म्हणून सांगतो. नवा नियम फक्त यापुढच्या बुकिंगना लावा. अनेक प्रणालींत नियम एकाच जागी ठेवलेला असतो आणि परताव्याच्या वेळी तिथूनच वाचला जातो. मी एकदा असे प्रकरण निस्तरले आहे. एका व्यावसायिकाने पायऱ्या कडक केल्या आणि त्याच रात्रीपासून जुन्या नियमावर पैसे भरलेल्या लोकांनाही नव्या दराने परतावे जाऊ लागले. ते लक्षात येईपर्यंत बरेच चुकीचे परतावे गेले होते आणि एकेकाला फरकाची रक्कम परत करावी लागली. बुकिंग होते त्या क्षणीच्या पायऱ्यांची प्रत त्या बुकिंगसोबत साठवली, तर हे होत नाही. तुमच्या प्रणालीत कसे आहे ते पाहायला एखादे जुने बुकिंग उघडा आणि नियम बदलण्याआधी व नंतर त्याचा परतावा सारखाच दिसतो का ते पाहा.

सरळमार्गी

एक शंका. पैसे घेण्याऐवजी कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवली, तर परताव्याचा प्रश्नच मिटतो ना?

रेखाटन

मी ते करून पाहिले. अशी अडवणूक साधारण आठवडाभरच टिकते, मग आपोआप सुटते. महिनाभर पुढच्या तारखेला तिचा उपयोग नाही. अगदी जवळच्या बुकिंगसाठी ठीक.

निळी_छत्री

सगळे हिशेब मला समजले आणि ९०० चा आकडाही पटला. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. दिवस पुन्हा भरला तर काय?

संगणक_कारकून

मला हे तत्त्व म्हणून मान्य आहे, पण नियम म्हणून लिहायला भीती वाटते. दिवस भरला की नाही हे फक्त व्यावसायिकाला माहीत असते, ग्राहकाला तपासता येत नाही. शिवाय निम्म्या शुल्कात भरला तर काय, रद्द झालेल्या कामाच्या जागी आलेला माणूस दुसऱ्या दिवशीही आला असता तर त्याला "भरला" म्हणायचे का, असे प्रश्न पडतात. ठराविक पायऱ्यांचा फायदा हाच की दोन्ही बाजूंना आकडा आधी माहीत असतो.

निळी_छत्री

तपासता येत नाही म्हणून देऊच नये, हे मला पटत नाही. तुमची प्रणाली तारखा बदलल्याची मिनिटे नोंदवू शकते, तर तीच वेळ पुन्हा विकली गेली की नाही हेही तिला माहीत असतेच.

स्वागतकक्ष

आम्ही एक वेगळी सोय ठेवली आहे. रद्द करणाऱ्याने स्वतः बदली माणूस दिला तर पूर्ण रक्कम परत. त्यात तपासणीचा प्रश्न येत नाही. पण छायाचित्रणासारख्या कामात प्रत्येकाचे काम वेगळे असते, तिथे हे कितपत चालेल मला सांगता येणार नाही.

छायाप्रकाश

आज मी त्या ग्राहकांना फोन केला. १६ तारखेला थेट रद्द केले असते तर नियमाने किती मिळाले असते, २० तारखेला प्रत्यक्षात किती काम आले, सगळे आकडे त्यांना सांगितले. माझ्या लिखित नियमात तारीख बदलल्यानंतरच्या परताव्याविषयी एक शब्दही नव्हता, हेही मी त्यांना सांगितले, कारण ती उणीव माझी आहे आणि त्यांनी जे वाचून पैसे भरले त्यानुसार ते पूर्ण परतावा मागू शकतात. ते म्हणाले की तारीख बदलताना त्यांना खरोखरच यायचे होते, दुसऱ्या दिवशी कार्यक्रमच रद्द झाला. शेवटी मी पूर्ण ३,६०० परत केले. नियम मी लिहिला नव्हता, तेव्हा त्याचा तोटा मीच सोसायचा.

नव्या बुकिंगसाठी आता मी असे लिहिले आहे: "तारीख एकदा विनामूल्य बदलता येईल आणि भरलेली सर्व रक्कम नव्या तारखेच्या शुल्कात धरली जाईल. मात्र पुढे नवी तारीखही रद्द केल्यास, तारीख बदलली त्या वेळी जुन्या तारखेवर जेवढा परतावा मिळाला असता, त्याहून अधिक परतावा मिळणार नाही." तारीख बदलण्याच्या पानावरही हा आकडा दिसावा अशी सोय करायला सांगितली आहे. जुनी बुकिंग उघडून पाहिली. माझ्या प्रणालीत नियमाची प्रत साठवली जात नाही, त्यामुळे आधीच्या अकरा बुकिंगचे हिशेब मला हातानेच करावे लागणार आहेत.

वहीही पाहिली. माझ्याकडे निम्म्याहून अधिक लोक तीन आठवड्यांहून आधी येतात, म्हणून चौदाची पायरी ठेवते आहे. दिवस पूर्ण शुल्कात पुन्हा भरला तर गेटवेचे शुल्क वजा करून उरलेले परत द्यायचे असे मी मनाशी ठरवले आहे, पण ते नियमात लिहायचे धाडस अजून झालेले नाही. अर्धा भरलेला दिवस कसा मोजायचा ते मला सुचत नाही. निळी_छत्री, तुम्ही ग्राहक म्हणून कोणता हिशेब मान्य केला असता ते लिहाल का?

निळी_छत्री

लिहिते. मला दोन दिवस द्या, माझी जुनी पावती शोधून खरे आकडे घेऊनच मांडते.